जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये प्लेटलेट ४१,००० आणि निळ्या टोपणात दोन लाख : यांतला खरा आकडा कोणता?

अग्रणीकाठ (कवठेमहांकाळ)

माझ्या वडिलांचे वय ६४ आहे आणि हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी त्यांच्या रक्ताच्या तपासण्या करायच्या होत्या. गावातल्या संकलन केंद्रात सकाळी रक्त घेतले, ते बर्फाच्या पेटीतून सांगलीला गेले आणि संध्याकाळी अहवाल आला. त्यात प्लेटलेट ४१,००० आणि पांढऱ्या पेशी १४,२०० होत्या. शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रिया लगेच पुढे ढकलली. वडिलांना ताप नव्हता, हिरड्यांतून रक्त येत नव्हते आणि अंगावर कोठेही लाल ठिपके नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत दुसऱ्या लॅबमध्ये प्रत्यक्ष जाऊन रक्त दिले. तेथील मशीनने आधी ५८,००० असा आकडा दाखवला. मात्र टेक्निशियन ताईंनी स्लाइड करून पाहिली आणि वडिलांना पुन्हा बोलावून निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतले. त्या ट्यूबमध्ये मशीनचा आकडा १,८२,००० आला. त्याला १.१ ने गुणून त्यांनी सुमारे २,००,००० असा अहवाल दिला आणि खाली ‘ईडीटीएमुळे प्लेटलेटचे पुंजके’ अशी टीप लिहिली.

आकडा चांगला आल्याचे समाधान आहे, पण तो मला समजलेला नाही. निळी ट्यूब बरोबर असेल, तर सगळ्यांचे रक्त नेहमी तिच्यातच का घेत नाहीत? शिवाय क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्यांसाठी लाल टोपणाची तिसरी ट्यूब घेतली होती आणि अहवालात ‘नमुना : सीरम’ असे छापले आहे. तेथे प्लाझ्मा का चालत नाही? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

येरळा

आमच्या वाडीत डेंग्यूच्या साथीत पपईच्या पानांचा रस देऊन प्लेटलेट वाढल्याचे मी पाहिले आहे. तुम्ही रात्री वडिलांना असे काही दिले होते का? तसे असेल तर दोन्ही आकडे आपापल्या वेळी खरे असू शकतात.

अग्रणीकाठ

नाही, काहीही दिले नव्हते. शिवाय ५८,००० आणि १,८२,००० हे दोन्ही आकडे एकाच सकाळचे आहेत. मध्ये तासभरसुद्धा गेला नसेल.

मिरजेची टेक्निशियन

अग्रणीकाठ दादा, हा तासाभराचा मुद्दाच सर्वांत महत्त्वाचा आहे. शरीरातल्या प्लेटलेट तासाभरात तिपटीने वाढत नाहीत, त्यामुळे हा फरक रक्तातला नसून ट्यूबमधला आहे.

जांभळ्या टोपणाच्या ट्यूबच्या आतल्या भिंतीवर ईडीटीएचा कोरडा थर असतो. रक्त गोठायला कॅल्शियम लागते, ते ईडीटीए पकडून ठेवते आणि रक्त पातळ राहते. हजारात एखाद-दुसऱ्या माणसाच्या रक्तात अशी प्रतिपिंडे असतात, जी शरीरात काहीच करत नाहीत. पण ट्यूबमध्ये कॅल्शियम निघून गेले की प्लेटलेटच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाची ठेवण बदलते, त्याचा एरवी झाकलेला भाग उघडा पडतो आणि ही प्रतिपिंडे तेथे चिकटतात. मग प्लेटलेट एकमेकींना धरून पुंजके करतात. मशीन पेशी ओळखते ती प्रामुख्याने आकारावरून. दहा-वीस प्लेटलेटचा पुंजका तिला प्लेटलेट वाटतच नाही, आणि मोठा पुंजका तर ती पांढरी पेशी म्हणून मोजते. तुमच्या वडिलांच्या पांढऱ्या पेशी १४,२०० दिसल्या, त्यामागे हेच असावे. निळ्या ट्यूबमध्ये त्या किती आल्या, हे अहवालात असेल तर कळवा.

वेळ आणि थंडी या दोन्हींमुळे पुंजके वाढतात. आपल्याकडे जत, आटपाडी, कवठेमहांकाळ येथील नमुने बर्फाच्या पेटीतून काही तासांनी सांगली-मिरजेला पोहोचतात, तेव्हा अशा रक्ताचा आकडा आणखी खाली जातो. म्हणून तुमचा पहिला आकडा ४१,००० आणि ताज्या रक्ताचा ५८,००० आला. प्रत्येक वेळी निराळा आकडा येणे आणि माणूस ठणठणीत असणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की आम्ही स्लाइडच्या शेपटाकडचा भाग आधी पाहतो, कारण पुंजके तेथेच सापडतात.

अग्रणीकाठ

ताई, अहवालाच्या मागच्या पानावर आहे. निळ्या ट्यूबमध्ये पांढऱ्या पेशी ७,४०० आल्या होत्या आणि १.१ ने गुणून ८,१४० लिहिल्या आहेत. म्हणजे १४,२०० मधल्या बऱ्याच ‘पांढऱ्या पेशी’ प्रत्यक्षात प्लेटलेटचे पुंजके होते, असेच ना?

मिरजेची टेक्निशियन

अगदी तसेच. या दोन आकड्यांची एकत्र चाल पाहून निदानाला बळकटी येते.

सोनहिरा

मी औषधांच्या दुकानात काम करतो आणि थोडे वाचन आहे, म्हणून लिहितो. प्लाझ्मा म्हणजे न गोठलेल्या रक्तातला द्रव आणि सीरम म्हणजे गुठळी झाल्यावर उरलेला द्रव. प्लाझ्मामध्ये सीरममधले सगळे असते आणि वर गुठळी बनवणारे फायब्रिनोजेनही असते. त्यामुळे खरे तर प्रत्येक तपासणी प्लाझ्मावर करता यायला हवी, सीरम ही केवळ जुनी सवय आहे. जांभळ्या ट्यूबमधले ईडीटीए आणि निळ्या ट्यूबमधले सायट्रेट दोन्ही कॅल्शियमच पकडतात, एक घट्ट आणि एक सैल, एवढाच फरक आहे. मग रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी वेगळी निळी ट्यूब कशाला? जांभळ्या ट्यूबमधल्या प्लाझ्मात थोडे जास्त कॅल्शियम घातले की काम व्हायला हवे. रुग्णाच्या हातातून तीन-तीन ट्यूब काढणे मला अनावश्यक वाटते.

कराडचे रसायन

मी निवृत्त रसायनशास्त्राचा शिक्षक आहे. सोनहिरा यांचे ‘घट्ट आणि सैल’ हे म्हणणे मुळात बरोबर आहे, पण ‘एवढाच फरक’ या शब्दांवर थांबता येणार नाही. ईडीटीएचा एक रेणू कॅल्शियमच्या आयनाला सहा बाजूंनी विळखा घालतो. सायट्रेटची पकड त्या मानाने फारच दुबळी असते. रक्ताच्या सामूला तुलना केली तरी दोहोंत हजारो पटींचा फरक राहतो. त्यामुळे सायट्रेटच्या प्लाझ्मात बाहेरून कॅल्शियम घातले की ते लगेच मोकळे उपलब्ध होते, तर ईडीटीएच्या प्लाझ्मात घातलेल्या कॅल्शियमचा मोठा वाटा आधी ईडीटीएच गिळतो. गोठण्याची तपासणी म्हणजे थांबवलेली क्रिया ठरावीक क्षणी पुन्हा सुरू करून सेकंद मोजणे होय. ज्या कुलपाची किल्ली आपल्या हातात राहते, असेच कुलूप तेथे लावावे लागते.

पॅथॉलॉजिस्ट, सांगली

सरांनी पकडीचा भाग नेमका मांडला आहे. सोनहिरा यांच्या ‘जास्त कॅल्शियम घाला’ या सूचनेत मात्र आणखी एक अडचण आहे आणि ती केवळ हिशेबाची नाही. गोठण्याच्या साखळीतील आठवा घटक आणि सक्रिय झालेला पाचवा घटक प्रत्येकी दोन तुकड्यांचे बनलेले असतात आणि ते तुकडे धातूच्या आयनांमुळे एकत्र टिकतात. ईडीटीए ते आयनही काढून घेतो, त्यामुळे ट्यूब नुसती ठेवली असतानाच या दोन घटकांची ताकद घटत जाते. नंतर कितीही कॅल्शियम घातले, तरी गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही.

याचा प्रत्यक्ष परिणाम असा होतो की जांभळ्या ट्यूबमधला प्लाझ्मा चुकून निळ्या ट्यूबच्या नावाने मशीनवर गेला, तर पीटी आणि एपीटीटी या गोठण्याच्या दोन्ही वेळा लांबतात आणि आठवा घटक कमी दिसतो. निरोगी मुलाला हिमोफिलिया असल्याची शंका येण्यापर्यंत हे प्रकरण जाऊ शकते. प्लाझ्मा एकदा वेगळा करून छोट्या नळीत भरला की डोळ्यांना दोन्ही सारखेच पिवळसर दिसतात, म्हणून दुसऱ्या लॅबकडे पाठवताना नळीवर ‘सायट्रेट प्लाझ्मा’ असे लिहिलेच पाहिजे. शंका आलीच, तर त्याच प्लाझ्मात पोटॅशियम आणि कॅल्शियम मोजून पाहावे. पोटॅशियम अशक्य इतके जास्त आणि कॅल्शियम जवळपास शून्य निघाले, तर तो ईडीटीएचा प्लाझ्मा आहे.

आता अग्रणीकाठ यांचा मूळ प्रश्न, की निळी ट्यूबच नेहमी का वापरत नाहीत. निळ्या ट्यूबमध्ये सायट्रेट द्रवरूपात असते. ३.२ टक्के सायट्रेटचे ०.३ मिली आणि त्यावर रक्त २.७ मिली, म्हणजे नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट, असे प्रमाण असते. रक्त दहा टक्के पातळ झाल्याने प्रत्येक पेशीचा आकडा तेवढा खाली येतो, आणि म्हणूनच १.१ ने गुणावे लागते. पण हा गुणक ट्यूब खुणेपर्यंत भरलेली असेल तरच खरा असतो. समजा, रक्त १.५ मिलीच आले, तर एकूण द्रव १.८ मिली होतो आणि गुणक १.२ होतो. हिमोग्लोबिनपासून प्लेटलेटपर्यंत प्रत्येक आकडा असा भरणीवर अवलंबून ठेवणे धोक्याचे आहे. ईडीटीएचा थर कोरडा असल्याने रक्त जवळपास पातळ होत नाही, पेशींचा आकार काही तास चांगला टिकतो आणि स्लाइडवर रंगही नीट चढतो. हजारातल्या एखाद्या रुग्णासाठी बाकी सर्वांची मोजणी कमी विश्वासार्ह करणे योग्य ठरणार नाही.

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

डॉक्टर, ट्यूब खुणेपर्यंत भरण्याबद्दल तुम्ही लिहिलेत, म्हणून विचारते. माझ्या आईच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि ती रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेते. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा तिचा आयएनआर बरेच महिने २.५ ते ३ च्या दरम्यान असतो. मध्यंतरी घरी येऊन रक्त नेले, शिर नीट सापडत नव्हती आणि निळी ट्यूब जेमतेम अर्धी भरली. आयएनआर ३.९ आला आणि गोळीची मात्रा कमी करण्यास सांगितले गेले. पुढच्या वेळी तो १.८ झाला. पहिला आकडा ट्यूबमुळे फुगला असेल का?

पॅथॉलॉजिस्ट, सांगली

ताई, शक्यता निश्चित आहे. हिशेब करून पाहू. सायट्रेट फक्त प्लाझ्मात मिसळते, पेशींमध्ये नाही. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा ४० टक्के धरला, तर पूर्ण भरलेल्या ट्यूबमधल्या २.७ मिली रक्तात १.६२ मिली प्लाझ्मा असतो, म्हणजे सायट्रेटच्या सव्वापाच पटींहून थोडा अधिक. रक्त १.५ मिलीच असेल, तर प्लाझ्मा ०.९ मिली राहतो, पण सायट्रेट तेवढेच, ०.३ मिली. प्रमाण तिपटीवर येते. मग तपासणीत घातलेल्या कॅल्शियमचा बराच भाग हे जादा सायट्रेट खाते, गोठण्याचे घटकही अधिक पातळ झालेले असतात आणि गुठळी उशिरा होते. एपीटीटीवर हा परिणाम जास्त दिसतो, आयएनआरवर कमी, पण अर्ध्या ट्यूबमध्ये तोही वाढू शकतो. म्हणूनच नव्वद टक्क्यांपेक्षा कमी भरलेली निळी ट्यूब लॅबने परत करावी, असा नियम आहे.

तरीही आईंचा ३.९ हा आकडा फक्त ट्यूबमुळेच आला, असे मी येथून म्हणू शकत नाही. त्या आठवड्यातील प्रतिजैविके, जुलाब, आहारातला बदल यांनीही आयएनआर वाढतो. येथून पुढे अनपेक्षित आकडा आला, तर मात्रा बदलण्याआधी पूर्ण भरलेल्या ट्यूबवर पुन्हा तपासणी करता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना जरूर विचारा.

अजिंक्यतारा पायथा (सातारा)

त्या आठवड्यात तिला दाताच्या दुखण्यासाठी प्रतिजैविक चालू होते. म्हणजे दोन्ही कारणे असू शकतात. रक्त घेताना ट्यूब किती भरली, याकडे आता मी स्वतः लक्ष देईन. सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे.

कोयनेचा वारा

माझा रक्तगट एबी आहे आणि एबी गटाचा प्लाझ्मा कोणालाही चालतो, असे ऐकले आहे. मग मी सीरम द्यावे की प्लाझ्मा? सांगलीत कोठे देता येईल?

मिरजेची टेक्निशियन

दादा, या धाग्यातला प्लाझ्मा तपासणीसाठी वेगळा केलेला आहे, रुग्णाला चढवण्याचा नाही. तुम्ही ऐकले ते बरोबर आहे, पण रक्तपेढीत सीरम घेत नाहीत. कोणत्याही मान्यताप्राप्त रक्तपेढीत रक्तदान केलेत, तर पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करण्याचे काम तेथेच होते.

सोनहिरा

पाचव्या आणि आठव्या घटकाचे मला ठाऊक नव्हते, ते पटले. पण सीरमबद्दलच्या माझ्या म्हणण्याला अजून कोणी उत्तर दिलेले नाही. यकृताच्या तपासण्या प्लाझ्मावर का करू नयेत?

मिरजेची टेक्निशियन

सोनहिरा, येथे तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. बऱ्याच जैवरासायनिक तपासण्या प्लाझ्मावर होतात. त्यासाठी हिरव्या टोपणाची, लिथियम हेपॅरिनची ट्यूब असते. अतिदक्षता विभागात आम्ही तीच वापरतो, कारण सीरमसाठी रक्त गोठेपर्यंत अर्धा तास थांबावे लागते आणि हेपॅरिनचे रक्त लगेच सेंट्रीफ्यूजमध्ये घालता येते. पण हा प्लाझ्मा जांभळ्या ट्यूबचा नसतो. ट्यूबमधला ईडीटीए पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतो. तो कॅल्शियम काढून घेतो, पोटॅशियम मिसळतो आणि जस्त व मॅग्नेशियम पकडून अल्कलाइन फॉस्फेटेझ हे विकरही मंदावतो.

मी काम केलेल्या एका ठिकाणी लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडले, म्हणून कोणीतरी जांभळ्या ट्यूबमधले थोडे रक्त त्यात ओतले होते. पोटॅशियम ८.६ आणि कॅल्शियम ४.९ आले, आणि रुग्ण तर समोर बाकावर गप्पा मारत बसलेला. हे दोन आकडे जोडीने दिसले की हृदयाचा आलेख काढायला पळण्याबरोबरच नवा नमुनाही लगेच घ्यावा. याच कारणासाठी आम्ही आधी निळी, मग लाल किंवा पिवळी आणि नंतर जांभळी ट्यूब भरतो.

पॅथॉलॉजिस्ट, सांगली

यात सीरमच्या बाजूनेही एक भर घालतो. ‘सीरम म्हणजे प्लाझ्मा वजा फायब्रिनोजेन’ हे पूर्ण खरे नाही, कारण गुठळी होताना काही गोष्टी खर्च होतात आणि काही नव्याने मिसळतात. प्लेटलेट फुटून पोटॅशियम बाहेर सोडतात, म्हणून सीरममधले पोटॅशियम प्लाझ्मापेक्षा किंचित जास्त असते. प्लेटलेट दहा लाखांच्या वर असलेल्या रुग्णात हा फरक इतका वाढतो की निरोगी पोटॅशियम धोकादायक भासते. तेथे हेपॅरिन प्लाझ्माच खरे सांगतो. उलट, मल्टिपल मायलोमा या कर्करोगासाठी प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस करताना सीरमच हवे. प्लाझ्मात फायब्रिनोजेनची पट्टी नेमकी अशा जागी उमटते की ती रोगाच्या पट्टीसारखी दिसते.

म्हणून सीरम ही केवळ जुनी सवय आहे, असे मी म्हणणार नाही. कोणती तपासणी कोणत्या नमुन्यावर पडताळून पाहिलेली आहे, यावर ते ठरते.

येरळा

माझा पपईचा मुद्दा येथे लागू नव्हता, हे आता समजले. पण एक शंका राहते. साथीच्या दिवसांत खरोखर डेंग्यू असलेल्या माणसाच्या रक्तातही असे पुंजके झाले, तर? त्याचे प्लेटलेट खरेच कमी आहेत की ट्यूबमुळे, हे कसे ओळखायचे?

मिरजेची टेक्निशियन

ही शंका योग्य आहे. पुंजके दिसले म्हणजे प्लेटलेट पुरेशा आहेत, असे गृहीत धरता येत नाही. तापाच्या रुग्णात आम्ही निळ्या ट्यूबचा आकडा आणि स्लाइडवरचा अंदाज दोन्ही ताडून पाहतो, आणि हिमॅटोक्रिट वाढते आहे का याकडेही लक्ष ठेवतो.

अग्रणीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शल्यचिकित्सकांनी स्लाइडची नोंद पाहून शस्त्रक्रियेची नवी तारीख दिली आहे. वडिलांच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी ‘सीबीसीसाठी ईडीटीएबरोबर सायट्रेट ट्यूबही घ्यावी’ असे लिहून ठेवले आहे. एवढे पुरेल का?

पॅथॉलॉजिस्ट, सांगली

त्यात ‘ईडीटीएमध्ये प्लेटलेटचे पुंजके होतात, स्लाइड पाहावी’ हे वाक्य आधी लिहा. सायट्रेटवर पूर्ण भिस्त ठेवू नका. अशा काही रुग्णांत सायट्रेटमध्येही पुंजके होतात, थोडे उशिरा आणि थोडे कमी. त्यामुळे मी १.१ ने गुणलेला आकडा अहवालात ठामपणे छापत नाही. ‘स्लाइडवर प्लेटलेट पुरेशा’ असे लिहितो आणि आकडा टिपेत देतो. बहुतेक मशीनची सीबीसी ईडीटीएच्या रक्तावर पडताळलेली असते, सायट्रेटवर नाही.

मिरजेची टेक्निशियन

सर, येथे माझे मत थोडे वेगळे आहे. भूलतज्ज्ञांना ‘पुरेशा’ या शब्दावर पाठीच्या कण्यात सुई घालण्याचा निर्णय घेता येत नाही, त्यांना आकडा लागतो. सायट्रेटच्या ट्यूबची स्लाइडही करावी, तीत पुंजके नसतील तर आकडा छापावा, आणि असतील तर रुग्णाला लॅबमध्येच बसवून ३७ अंशांवर कोमट ठेवलेल्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन लगेच मोजावे. तेही जमले नाही, तर बोटाच्या टोकातून रक्त घेऊन, अमोनियम ऑक्झलेटमध्ये पातळ करून न्यूबावर चेंबरवर हाताने मोजता येते.

पॅथॉलॉजिस्ट, सांगली

हाताने मोजण्याला माझी हरकत नाही, मात्र त्यातही मोजणाऱ्यागणिक बराच फरक पडतो. कोमट ट्यूबचा उपाय प्रत्येक रुग्णात चालत नाही, कारण काहींची प्रतिपिंडे ३७ अंशांनाही चिकटतात. सायट्रेटची स्लाइड सोबत पाहिली असेल तर आकडा छापण्यास मी तयार होईन, पण ‘किमान इतक्या’ अशा शब्दांत. कारण न दिसलेले बारीक पुंजके आकडा खालीच आणतात, वर नेत नाहीत.

मिरजेची टेक्निशियन

‘किमान’ हा शब्द मला मान्य आहे. भूलतज्ज्ञांना तो पुरेसा वाटतो का, हे आमच्याकडील डॉक्टरांना विचारून येथे लिहिते.